९६/२४ च्या मास्टरमधून सीडीची आणि व्हिडिओची फाइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात गंगापूर रोडच्या एका गल्लीत आमचा दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. मैफली, भजनी मंडळांच्या चाली, पाडवा पहाटेचे कार्यक्रम असं बहुतेक सगळं आम्ही ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड करतो; त्याची तयार झालेली मूळ फाइल म्हणजे मास्टर. पेनड्राइव्ह न्यायला आलेली मंडळी चहा येईपर्यंत जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. उत्तरं लांबली आहेत, कारण चहाही आमच्याकडे उशिराच येतो.

मास्टर ९६/२४ आहे ना, मग तीच फाइल सगळ्यांना का देत नाही?

देता येते, आणि मागितली तर देतोही. पण सीडीला ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट लागतात, त्यात तडजोड नाही. व्हिडिओवाल्यांचा सगळा कारभार ४८ किलोहर्ट्झवर चालतो. तासाभराची स्टिरिओ ९६/२४ फाइल दोन जीबीच्या वर जाते. तीच सीडीच्या मापात सुमारे ६३५ एमबी होते. शिवाय मोठी फाइल दिली, तरी पुढे कुणाचा तरी प्लेअर, फोन किंवा एडिटिंगचं सॉफ्टवेअर ती लहान करणारच. मग ते काम कुणी केलं, कसं केलं, हे कुणालाच कळत नाही. आपण करून दिलं तर निदान शिव्या योग्य माणसाला बसतात.

लहान करताना दोन वेगळ्या गोष्टी घडतात. आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मापं म्हणजे सॅम्पल्स; ते सेकंदाला ९६,००० ऐवजी ४४,१०० करायचे, हे रीसॅम्पलिंग. आणि प्रत्येक सॅम्पलचा आकडा २४ बिटवरून १६ बिटवर आणायचा, तेव्हा डिदर लागतं. लोक या दोन्हींची गल्लत करतात. दोन्हींचे दोष वेगळे असतात आणि फाइलमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात.

४४.१ हा असला आडनिडा आकडा आला कुठून?

व्हिडिओ टेपमधून. सुरुवातीच्या काळात डिजिटल ऑडिओ साठवायला सोयीचं साधन म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर होता, आणि सॅम्पल्स चित्राच्या ओळींमध्ये भरले जात. एका ओळीत ३ सॅम्पल्स, एका फील्डमध्ये, म्हणजे अर्ध्या चित्रात, वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून बघा, ४४,१०० येतात. आपल्याकडच्या ५० फील्डच्या पद्धतीत २९४ ओळी घेतल्या की तोच आकडा येतो. सीडी आली तेव्हा हाच आकडा कायम राहिला.

रीसॅम्पलिंग म्हणजे मधले मधले सॅम्पल काढून टाकायचे ना?

नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचेच आवाज मावतात, म्हणजे रेटच्या निम्म्यापर्यंतचे. ९६ च्या मास्टरमध्ये ४८ पर्यंतचं सगळं असतं. २२.०५ च्या वरचा भाग आधी फिल्टरने काढावा लागतो. नुसते सॅम्पल गाळले, तर वरचा आवाज नाहीसा होत नाही. आरशात पडावं तसं त्याचं प्रतिबिंब खाली पडतं. ३० किलोहर्ट्झचा आवाज ४४.१ वजा ३०, म्हणजे १४.१ किलोहर्ट्झवर येऊन बसतो. ३० आपल्याला ऐकू येत नव्हता, १४.१ येतो. याला एलियासिंग म्हणतात. एकदा ते फाइलमध्ये शिरलं की बाहेर काढता येत नाही, कारण तिथल्या खऱ्या आवाजात ते मिसळलेलं असतं.

चांगल्या रीसॅम्पलरचा फिल्टर साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत काही हलू देत नाही आणि तिथून २२.०५ पर्यंतच्या चिंचोळ्या पट्टीत सगळं खाली आणतो. एवढ्या कमी जागेत एवढी उडी मारायची तर गणित लांबलचक लागतं. सॉफ्टवेअरमध्ये 'फास्ट' आणि 'बेस्ट' असे पर्याय दिसतात, तिथे फरक असतो तो याच गणिताच्या लांबीचा. आजच्या लॅपटॉपवर तासाभराच्या फाइलला 'बेस्ट'ने काही मिनिटं जास्त लागत असतील. तेवढ्यासाठी 'फास्ट' निवडू नका.

पण वरचं काही ऐकूच येत नसेल, तर त्याचं प्रतिबिंब पडण्याइतकं तिथे असतं काय?

मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. गाणं-वादनात २२ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतं, झांजा आणि टाळ सोडले तर. भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळांची कड मात्र चांगलीच वर जाते.

मला धडा मिळाला तो गाण्यातून नाही, विजेतून. एका सभागृहातल्या कार्यक्रमात मंचामागे एलईडी पडदा लावला होता. त्याच्या पॉवर सप्लायचा ३१ किलोहर्ट्झचा सूर आमच्या एका माइकच्या केबलमध्ये शिरला. मॉनिटरवर काहीच कळलं नाही, कळणार कसं? घाईत एका सहकाऱ्याने जुन्या एडिटरमधून, डीफॉल्ट सेटिंगवर, ४४.१ ची फाइल काढून दिली. दुसऱ्या दिवशी गायिकेचा फोन: "दादा, माझी मुलगी म्हणते सबंध गाण्यात शिट्टी वाजतेय. मला नाही ऐकू येत." मलाही आली नाही. पन्नाशीनंतर कानाचं वरचं टोक उतरतं, त्याला काय करणार. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी किती किलोहर्ट्झचा आवाज आहे हे दाखवणारं चित्र, लावला, तेव्हा १३.१ किलोहर्ट्झवर पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत पट्टीने आखल्यासारखी रेघ दिसली. ४४.१ वजा ३१. मास्टर उघडला तर तीच रेघ ३१ वर शांतपणे बसलेली. चांगल्या रीसॅम्पलरने पुन्हा फाइल काढली आणि शिट्टी गेली. मास्टरमध्ये कुणी काही बिघडवलं नव्हतं. बिघाड रूपांतरात झाला होता.

त्या दिवसापासून ९६ ची कोणतीही फाइल आली की मी आधी स्पेक्ट्रोग्राममध्ये २० च्या वर काय चाललंय ते बघतो. तिथे आडवी रेघ दिसली, तर ती लहान फाइलमध्ये कुठे पडेल हे वजाबाकी करून काढतो आणि नेमकं तिथे जाऊन तपासतो. रीसॅम्पलरचीच परीक्षा घ्यायची असेल, तर ० पासून ४८ किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा एकच सूर बनवा, तो ४४.१ ला आणा आणि स्पेक्ट्रोग्राम बघा. रेघ २१-२२ ला पोचून विझली, तर काम चोख आहे. तिथून उलटी फिरून खाली येताना दिसली, तर ते सॉफ्टवेअर या कामाला वापरू नका.

मग आधीच ८८.२ वर रेकॉर्ड केलं तर? बरोबर निम्मं होतं, भागाकार सोपा.

हा सल्ला जुना आहे. ९६ वरून ४४.१ ला जाताना गुणोत्तर १४७ : ३२० असं येतं, आणि ८८.२ वरून सरळ १ : २. पण फिल्टर दोन्हीकडे तितकाच कडक लागतो, आणि आवाज बिघडतो किंवा टिकतो तो फिल्टरमुळे. नीट लिहिलेल्या रीसॅम्पलरला १४७ : ३२० चं काही ओझं होत नाही. आमच्या कामात निम्म्या लोकांना व्हिडिओसाठी ४८ लागतंच, म्हणून आम्ही ९६ वर राहतो.

एक मात्र पाळा: ४८ ची आणि ४४.१ ची, दोन्ही फाइली थेट मास्टरमधून काढा. सीडीच्या फाइलमधून व्हिडिओची फाइल बनवू नका.

मी फाइलच्या सेटिंगमध्ये ४८ चं ४४.१ केलं, आणि गायक भलत्याच पट्टीत गेला!

तुम्ही रीसॅम्पल केलं नाही, लेबल बदललं. सॅम्पल्स तेच राहिले, फक्त वाजवण्याचा वेग कमी झाला. सूर जवळजवळ दीड सेमीटोन उतरतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी एक आणि तिच्या खालची पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो; अशी पट्टी कुठल्याच पेटीवर नाही. लयही तेवढीच खाली येते. ९६ च्या फाइलवर ४८ चं लेबल लावलं तर सबंध सप्तक खाली आणि लय निम्मी. यावर उपाय सोपा आहे: लेबल पुन्हा मूळ करा, नुकसान काही झालेलं नसतं. 'चेंज रेट' आणि 'कन्व्हर्ट' किंवा 'रीसॅम्पल' असे दोन वेगळे पर्याय मेनूत असतात. आपल्याला दुसरा हवा.

डिदर म्हणजे मुद्दाम नॉइज घालणं. स्वच्छ आवाजात कचरा कशाला?

या प्रश्नाला मी नेहमी आकडे कागदावर लिहून उत्तर देतो, कारण त्याशिवाय ते पटत नाही.

१६ बिटमध्ये आवाजाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. सर्वांत लहान पायरी पूर्ण आवाजाच्या सुमारे ९० डेसिबल खाली. २४ बिटमध्ये त्याच एका पायरीच्या आत आणखी २५६ बारीक पायऱ्या असतात. आता समजा एखाद्या क्षणी मास्टरमधला आकडा १६ बिटच्या मापाने ०.४ आहे. जवळच्या पूर्णांकात बसवला तर ०. पुढच्या क्षणी ०.३, तोही ०. पाव सेकंदभर तानपुऱ्याची आस अशी अर्ध्या पायरीच्या आत हलत असेल, तर फाइलमध्ये नुसती शून्यं लिहिली जातात. स्वर होता, आता नाही. आणि तो अर्ध्या पायरीच्या जरा वर-खाली होत असेल तर आणखी वाईट: ०, १, १, ०, ० अशी चौकोनी उडी दिसते. ही चूक स्वराच्याच चालीने चालते, म्हणून ती कानाला नॉइज वाटत नाही, विकृती वाटते.

आता डिदर घालू. पूर्णांकात बसवण्याआधी प्रत्येक सॅम्पलमध्ये उणे १ ते अधिक १ पायरी या टप्प्यातली एक यादृच्छिक संख्या मिळवायची. ही संख्या दोन फाशांच्या बेरजेसारखी काढतात. दोन फासे टाकले तर ७ जास्त वेळा पडतात, २ आणि १२ क्वचित. तसं इथे शून्याजवळच्या संख्या जास्त आणि टोकाच्या कमी येतात. आलेख काढला तर त्रिकोण दिसतो, म्हणून त्याला त्रिकोणी डिदर किंवा टीपीडीएफ म्हणतात. ०.४ हा आकडा अशा रीतीने हजार वेळा बसवला, तर सरासरीने ४०५ वेळा १ येतो, ५९० वेळा ०, आणि ५ वेळा उणे १. बेरीज करा: ४०५ वजा ५ म्हणजे ४००. हजाराने भागा, ०.४. जो आकडा १६ बिटमध्ये लिहिताच येत नव्हता, तो सरासरीच्या रूपाने फाइलमध्ये आला. कानही असंच सरासरीनं ऐकतो, म्हणून मंद सळसळीच्या खालूनही तानपुरा ऐकू येत राहतो.

त्याची किंमत मोजावी लागते. नॉइजची पातळी ४.८ डेसिबलने वाढते. पूर्ण आवाजाच्या ९८ डेसिबल खाली होती, ती ९३ डेसिबलच्या आसपास येते. पण ती आवाजाबरोबर कमी-जास्त होत नाही, एकसारखी राहते. एकाच फाशाचं, म्हणजे सपाट डिदर स्वस्त पडतं, पण त्यात नॉइजची पातळी स्वराबरोबर हलत राहते. म्हणून त्रिकोणीच वापरायचं.

आमच्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर आहे, बाहेरून रिक्षा गेलीय. त्यापुढे ९३ डेसिबलचं काय कौतुक?

बरोबर बोललात, आणि जे सांगत नाहीत त्यांनाही हे ठाऊक असतं. खोलीचा आवाज १६ बिटच्या पायरीपेक्षा कितीतरी मोठा असेल, तर तोच फाशांचं काम करतो. बंदिश चालू असताना डिदर घातलेली आणि न घातलेली फाइल ओळखून दाखवा म्हटलं तर मी स्वतः हरेन. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये, बहुतेक वेळ, हेच खरं आहे.

पण गाणं संपल्यावर आपण फेड करतो. फेडमध्ये पंखाही खाली जातो, माइकचा नॉइजही खाली जातो, सगळंच शून्याकडे सरकतं. म्हणजे ज्याने डिदरचं काम फुकटात केलं असतं त्यालाच आपण बंद करतो. शेवटच्या काही सेकंदांत तानपुरा त्या शेवटच्या दोन-चार पायऱ्यांवर येतो, आणि डिदर नसेल तर तिथे उघडा पडतो. एकदा माझ्याकडूनच एक्स्पोर्ट करताना डिदरची खूण राहून गेली होती. तानपुरा वाजवणाऱ्या काकू हेडफोन लावून, आवाज चढवून शेवट ऐकत होत्या. म्हणाल्या, "शेवटी जवारी बिघडल्यासारखी का वाटते रे? दोरा सरकल्यावर होते तशी." अगदी तेच होतं. जवारीतून उमटणारे वरचे बारीक स्वर आधी शून्य होऊन गेले, मागे उरला तो चरचरणारा एक सूर, आणि मग एकदम टपकन शांतता. फाइल पुन्हा, डिदर लावून काढली, तेव्हा तानपुरा धुक्यात शिरावा तसा विरत गेला.

म्हणून मी डिदर तपासतो ते फक्त फेडमध्ये. बाकीच्या तासाभरात शोधून काही हाती लागत नाही.

सगळं काम कोणत्या क्रमाने करायचं?

आधी रीसॅम्पलिंग, मग आवाजाची पातळी, मग फेड, आणि अगदी शेवटी डिदरसह १६ बिट. डिदरनंतर फाइलला हात लावायचा नाही. आवाज अर्धा डेसिबल कमी केला किंवा नंतर फेड लावला, तरी प्रत्येक आकडा पुन्हा अपूर्णांकात जातो आणि त्याला पुन्हा पूर्णांकात बसवावं लागतं. रीसॅम्पलिंगचंही तसंच: नवा प्रत्येक सॅम्पल आजूबाजूच्या शेकडो सॅम्पल्सवरून काढलेला असतो, तो पूर्णांक कसा असेल? म्हणून आधी १६ बिट करून मग रीसॅम्पल करणं म्हणजे रांगोळी काढून मग अंगण झाडणं.

एका मैफलीची फाइल मी कशी काढली ते दाखवतो. मास्टर ९६/२४, आवाजाची शिखरं ठरावीक पातळीवर अडवणाऱ्या लिमिटरने ती उणे ०.३ डेसिबलवर थांबवलेली. मी सॉक्स हा मोफत प्रोग्रॅम वापरतो. पहिल्या पायरीत ३ डेसिबलची मोकळी जागा करून घेतली आणि फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवली, म्हणजे अपूर्णांक शाबूत राहतात:

```
sox mehfil_9624.wav -e floating-point -b 32 mehfil_44f.wav gain -3 rate -v 44100
```

मग शिखर मोजलं, पण चौपट रेटवर नेऊन, कारण खरं शिखर दोन सॅम्पल्सच्या मध्येही असू शकतं:

```
sox mehfil_44f.wav -n rate 176400 stats
```

`Pk lev dB` या ओळीत उणे २.६ आलं. उणे ०.३ मधून ३ वजा केले तर उणे ३.३ यायला हवं होतं; म्हणजे शिखर ०.७ डेसिबल वर चढलेलं. मला ते उणे १ वर हवं होतं, म्हणून १.६ वाढवायचे. तेवढी वाढ, १२ सेकंदांचा फेड आणि डिदर, सगळं एकाच आज्ञेत, याच क्रमाने:

```
sox mehfil_44f.wav -e signed-integer -b 16 mehfil_4416.wav gain 1.6 fade h 0 -0 12 dither
```

नुसतं `dither` लिहिलं की सॉक्स त्रिकोणी डिदर घालतो. खरं तर बिट कमी होताना तो न सांगताही घालतो, आणि `-D` दिलं तर घालत नाही. इंटरनेटवरून उचललेल्या आज्ञेत `-D` आहे का ते बघून घ्या.

व्हिडिओसाठी ४८/२४ ची फाइल अशीच, फक्त रेट आणि बिट बदलून, पुन्हा मास्टरपासून. २४ बिटची पायरी इतकी लहान असते की माइक आणि प्रीअॅम्पचा नॉइज तिच्या कितीतरी वर असतो. तिथे डिदर घातलं तरी चालतं, राहिलं तरी कुणाचं काही अडत नाही.

लिमिटर लावला होता, तरी शिखर वर कसं चढलं?

लिमिटरने ९६ च्या सॅम्पल्सना आवर घातला. फिल्टरने वरचा भाग काढल्यावर लाटेचा आकार बदलतो. तबल्याचा 'ना' घ्या: त्या थापेची टोकदार कड अनेक वारंवारितांच्या बेरजेने बनलेली असते, आणि त्यातल्या काही जणी शिखर खाली ओढत असतात. त्या काढून घेतल्या की शिखर वर येतं. पखवाज किंवा टाळ असतील तर आणखी. म्हणून मास्टर अगदी शून्याला टेकवून ठेवला आणि तसाच रीसॅम्पल केला, तर थापेगणिक बारीक 'चट' येऊ शकते. १ डेसिबल मोकळी जागा सोडल्याने आवाज लहान झाल्याचं कुणाला कळत नाही.

नॉइज शेपिंग निवडू का? मेनूत चार-पाच प्रकार दिसतात.

आपला कान ३-४ किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो आणि १५ च्या वर बराच बोथट. नॉइज शेपिंगमध्ये डिदरचा नॉइज पहिल्या पट्ट्यातून उचलून दुसऱ्यात ढकलतात. एकूण नॉइज उलट वाढतो, पण ऐकू कमी येतो. निवांत, एकट्या तानपुऱ्यावर संपणाऱ्या रेकॉर्डिंगची सीडी करायची असेल, तर जरूर वापरा. सॉक्समध्ये `dither -s`.

फाइल पुढे आणखी कुठे जाणार असेल, कुणी आवाज वाढवणार असेल, एमपी३ करणार असेल, तर वापरू नका. वर ढकललेला नॉइज पुढच्या प्रक्रियेत कसा वागेल हे आपल्या हातात राहत नाही. मी स्वतः दहातल्या आठ वेळा साधं त्रिकोणी डिदरच ठेवतो.

चुकून दोनदा डिदर झालं तर?

आभाळ कोसळत नाही. नॉइज सुमारे ३ डेसिबल वाढतो. एकदाही न घालण्यापेक्षा दोनदा घातलेलं बरं. एक्स्पोर्टच्या खिडकीत डिदर चालू आणि शेवटच्या प्लगिनमध्येही चालू, हा नेहमीचा प्रकार. त्यातलं प्लगिनचं बंद करा.

दुसऱ्या कुणीतरी दिलेल्या १६ बिटच्या फाइलमध्ये डिदर आहे की नाही, कसं ओळखायचं?

फक्त तीच फाइल असेल, तर शेवटचा फेड हेडफोनवर ऐका. आवाज चढवून ऐका, पण फेड संपायच्या आत पुढचं गाणं सुरू होणार नाही ना हे आधी पाहा. कान एकच जोडी मिळते. सळसळ शेवटपर्यंत एकसारखी आणि तिच्या आत स्वर विरतो, तर डिदर आहे. स्वर चरचरतो आणि मग एकदम पाटी कोरी होते, तर नाही.

मूळ फाइलही हाताशी असेल, तर वजाबाकी करा. १६ बिट करण्याआधीची, तेवढ्याच आवाजाची आणि तोच फेड असलेली ४४.१ ची फ्लोट फाइल काढा. तिच्यातून १६ बिटची फाइल वजा करा आणि उरलेला फरक ६० डेसिबलने मोठा करा:

```
sox -m -v 1 mool_44f.wav -v -1 mehfil_4416.wav -e signed-integer -b 24 farak.wav gain 60
```

`farak.wav` लावा. पाऊस पडल्यासारखा एकसंध आवाज आला, तर काम ठीक आहे. त्यात फेडच्या वेळी कुठे गाणं किंवा तानपुरा पुसटसा ओळखू आला, तर चूक स्वराच्या मागे मागे चालली आहे, म्हणजे डिदर नाही. आणि गाणं सुरुवातीपासून मोठ्याने, स्पष्ट ऐकू आलं, तर घाबरू नका. बहुधा दोन फाइलींचा आवाज किंवा सुरुवात जुळलेली नाही, ते जुळवून पुन्हा करा. ही वजाबाकी एकाच रेटच्या फाइलींमध्ये करायची. ९६ मधून ४४.१ वजा होत नाही.

एका मंडळाने '२४ बिट मास्टर' म्हणून फाइल दिली. खरंच २४ बिटची आहे का?

`sox file.wav -n stats` चालवा आणि `Bit-depth` ही ओळ पाहा. पहिला आकडा १६ आला, तर खालचे आठ बिट रिकामे आहेत. १६ बिटची फाइल मोठ्या डब्यात भरून दिली आहे. अशा फाइलमधून १६ बिटची प्रत काढताना आवाज बदलला नाही, रीसॅम्पल केलं नाही, तर डिदरचीही गरज नाही, आकडे जसेच्या तसे जातात.

रेटचंही तसंच. फाइल ९६ ची म्हणते आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये २२ च्या वर सगळं कोरं करकरीत, टाळ जोरात वाजत असतानासुद्धा, तर कुणीतरी सीडीच्या फाइलला ९६ ला चढवलं आहे. भांडू नका, फक्त विचारा की मूळ कार्ड कुणाकडे आहे. बऱ्याचदा ते सापडतं.

एमपी३ किंवा एएसी काढायची असेल तर १६ बिटमधून काढू की मास्टरमधून?

रीसॅम्पल केलेल्या फ्लोट किंवा २४ बिटच्या फाइलमधून. हे एन्कोडर आतमध्ये वारंवारितांचं गणित करतात, त्यांना १६ बिटच्या पायऱ्यांचं बंधन नसतं. आधी १६ बिट करून डिदरची सळसळ त्यांना दिली, तर ते काही बिट ती सळसळ लिहिण्यात घालवतात. शिखराची जागा मात्र इथे जास्त सोडा. एन्कोडर लाटेचा आकार स्वतःही बदलतो. मी उणे १.५ ठेवतो, टाळ-मृदंगाच्या रेकॉर्डिंगला उणे २.

ट्रॅकच्या मधल्या शांततेतही डिदरची सळसळ ठेवायची का?

ठेवा. फेड सळसळीत विरला आणि मग ती सळसळही कापली, तर त्या कापाचाच आवाज जाणवतो. अगदी कोरी शांतता हवीच असेल, तर फेड संपल्यावर दोन सेकंद थांबून मग कापा.